अठ्ठावन्नाची रेघ

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत ३१ मे हा निरोप समारंभांच्या गर्दीचा दिवस असतो. एकाच टेबलावर तीन-तीन जणांच्या शाली आणि नारळ मांडलेले, भाषणांना वेळ कमी आणि ट्रॉफीवरची नावं वेगळी असली तरी जन्मतारीख एकच: १ जून. त्यामागचं कारण शाळेच्या दाखल्यात आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी खेड्यातलं मूल शाळेत घालायला नेलं, की आईबापांना जन्मसाल नीटसं आठवत नसे. मग गुरुजी मुलाकडे बघून अंदाज बांधत आणि शाळा सुरू होण्याच्या महिन्याची पहिली तारीख टाकून मोकळे होत. सरकारी नियमानुसार कर्मचारी ज्या महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण करतो त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, पण ज्याचा जन्म एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीसच जातो. म्हणून १ जून १९६७ असा दाखला असलेला माणूस ३१ मे २०२५ रोजी, आदेशाच्या भाषेत 'नियत वयोमानानुसार', घरी गेला. त्याचं खरं वय तेव्हा छप्पन होतं की साठ, हे गुरुजींनाही सांगता आलं नसतं.

कुठे तरी रेघ मारायची म्हटली की ती कागदावरच मारावी लागते, हे मान्य. पण ती सगळ्यांना सारखीही नाही. मंत्रालयातला कक्ष अधिकारी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो आणि त्याची फाइल खाली-वर नेणारा त्याच वयाचा शिपाई साठपर्यंत राहतो, कारण राज्यात चतुर्थ श्रेणीसाठी मर्यादा साठ आहे. तिथून जवळच्या आयकर भवनात केंद्राचे कर्मचारी साठपर्यंत काम करतात. समोरच्या उच्च न्यायालयातले न्यायमूर्ती बासष्टपर्यंत बसतात, पवईच्या आयआयटीतला प्राध्यापक पासष्टपर्यंत शिकवतो. मंत्र्यांना अर्थातच कुठलीच मर्यादा नाही.

राज्यातल्या अधिकारी-कर्मचारी संघटना गेली कित्येक वर्षं एकच मागणी लावून धरत आहेत: केंद्राप्रमाणे आम्हालाही साठ करा. केंद्राने १९६२ च्या अखेरीस पंचावन्नाचं अठ्ठावन्न केलं आणि १९९८ च्या मे महिन्यात अठ्ठावन्नाचं साठ. बहुतेक राज्यं पुढेमागे त्याच वाटेने गेली. महाराष्ट्रात मागणी निघाली, की दुसऱ्या बाजूने स्पर्धा परीक्षा देणारी मुलं विचारतात, आणि रास्त विचारतात: मग आम्ही कधी लागायचं?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे एकदा फार मोठ्या प्रमाणावर आला होता, आणि निकाल देणारे सरन्यायाधीश पुण्याचे होते. जानेवारी १९८३ मध्ये एन. टी. रामाराव आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. पुढच्याच महिन्यात, ८ फेब्रुवारीला, त्यांच्या सरकारने निवृत्तीचं वय अठ्ठावन्नावरून पंचावन्नावर आणलं. तरुणांना जागा मोकळ्या व्हाव्यात, हे त्यामागचं उघड कारण होतं. अंमल २८ फेब्रुवारीपासून. म्हणजे पंचावन्न ते अठ्ठावन्न या वयातल्या प्रत्येकाला तीन आठवड्यांची सूचना मिळाली. मुलीचं लग्न पुढच्या वर्षावर ढकललेले, घराचे हप्ते अठ्ठावन्नपर्यंतचे बांधलेले, असे अठरा हजारांहून अधिक सरकारी आणि सुमारे दहा हजार सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी एका तारखेला बाहेर पडले.

ते कोर्टात गेले. के. नागराज विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्याचा निकाल जानेवारी १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी दिला आणि तो कर्मचाऱ्यांच्या विरोधात गेला. निकालाचा गाभा आजही या वादातला सर्वांत समंजस युक्तिवाद वाटतो. माणसाची कार्यक्षमता कधी उतरू लागते हे माणसागणिक वेगळं असतं, पण म्हणून निवृत्तीचं वय माणसागणिक वेगळं ठेवता येत नाही. सर्वांना एकच सूत्र लावावं लागतं. ते ठरवताना एका बाजूला अनुभवी माणसांचा प्रशासनाला होणारा उपयोग आणि दुसऱ्या बाजूला खालच्या लोकांची बढतीसाठी होणारी कोंडी आणि बाहेरच्या तरुणांची निराशा, अशी दोन्ही पारडी सरकारला तोलावी लागतात. ते काम धोरण ठरवणाऱ्यांचं आहे. वय अगदीच अविवेकाने खाली आणलं तरच न्यायालय मधे पडेल, आणि पंचावन्न तसं नाही. त्याच वर्षी ११ जुलैला, पासष्ट पूर्ण होताना, चंद्रचूड स्वतःच्या रेघेपाशी पोहोचले आणि निवृत्त झाले.

मात्र आंध्रची गोष्ट निकालाने संपली नाही. त्याआधीच, २३ ऑगस्ट १९८४ पासून, राज्याने वय पुन्हा अठ्ठावन्न केलं होतं. मधल्या दीड वर्षात जे पंचावन्नाव्या वर्षी गेले त्यांना मात्र या बदलाचा लाभ द्यायचा नाही, असं ठरलं. हा प्रश्न बी. प्रभाकर राव यांच्या नावाच्या खटल्यात आला. ऑगस्ट १९८५ मध्ये न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी तो भेदभाव रद्द ठरवला. अजून अठ्ठावन्न न झालेल्यांना परत घ्या आणि ज्यांचं वय मधल्या काळात उलटून गेलं त्यांना बुडालेल्या पगाराची भरपाई द्या, असा तो निकाल होता. दीड वर्षात त्यांच्या खुर्च्यांवर बढतीने दुसरे बसले होते, त्यांच्या जागी तिसरे. तरुणांसाठी जागा मोकळ्या करण्याच्या प्रयोगात सरकारने काही जागांचे पैसे दोनदा मोजले. त्याच आंध्रने पुढे २०१४ मध्ये साठ केलं आणि २०२२ मध्ये बासष्ट.

एक माणूस गेला की एक मूल लागतं, हा हिशोब कागदावर सोपा वाटतो. महसूल खात्यात तो कसा चालतो ते पाहावं. उपजिल्हाधिकारी निवृत्त झाला, तर ती जागा एखाद्या तहसीलदाराच्या बढतीने भरते, त्याच्या जागी नायब तहसीलदार येतो, त्याच्या जागी अव्वल कारकून, त्याच्या जागी लिपिक. प्रत्येक पायरीवर ज्येष्ठता यादी लागते, विभागीय पदोन्नती समितीची बैठक लागते आणि यादीवर कोणी न्यायाधिकरणात गेलं तर स्थगितीही लागते. वरच्या काही जागा सरळसेवेने, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरायच्या असतात; त्यासाठी खात्याने आयोगाला मागणीपत्र पाठवावं लागतं. मागणीपत्र पाठवण्याआधी वित्त विभागाची संमती आणि खात्याचा आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा तक्ता, ठीक असावा लागतो. मग जाहिरात, पूर्व, मुख्य, मुलाखत, निकाल, कागदपत्रांची तपासणी. वरचा अधिकारी मे महिन्यात गेला तरी तळाशी नव्या मुलाच्या हातात नेमणुकीचा कागद पडायला दोन-तीन वर्षं सहज जातात. कित्येकदा पडतच नाही. राज्य सरकारच्या सव्वासात लाखांच्या आसपास मंजूर पदांपैकी दोन लाखांहून अधिक रिकामी असल्याचं गेल्या काही वर्षांत वारंवार समोर आलं आहे. त्या दोन लाख खुर्च्यांवर अठ्ठावन्नाचा कोणीही अडून बसलेला नाही.

त्या रिकाम्या का राहतात, याचं उत्तर पगाराच्या साध्या गणितात सापडतं. सातव्या वेतन आयोगात लिपिकाचं सुरुवातीचं मूळ वेतन १९,९०० रुपये आहे आणि दर वर्षी तीन टक्क्यांची वाढ मिळते. पस्तीस वर्षं याच वेतनश्रेणीच्या दराने नोकरी केली असं धरलं, बढती वगैरे बाजूला ठेवली, तर मूळ वेतन २.८ पट, म्हणजे ५६,००० च्या आसपास जातं. आता सरकारपुढे तीन वाटा आहेत. त्याला आणखी वर्षभर ठेवलं तर महिन्याला ५६,०००. निवृत्त करून जागा भरली तर जुन्या योजनेतलं अर्धं निवृत्तिवेतन २८,००० आणि नव्या मुलाचे १९,९००, मिळून ४७,९००. निवृत्त करून जागा रिकामी ठेवली तर फक्त २८,०००. महागाई भत्ता धरला तरी क्रम बदलत नाही. पहिल्या दोन वाटांत फरक आठ हजारांचा आहे. तिजोरीला खरी बचत देते ती तिसरी वाट. सन २००५ च्या नोव्हेंबरनंतर लागलेल्यांचा निवृत्तिवेतनाचा हिशोब वेगळा आहे, पण सध्या अठ्ठावन्नाला पोहोचणारे बहुतेक जण त्याआधीचे.

या गणितात निवृत्तीच्या दिवशी एकरकमी द्यावे लागणारे पैसे धरलेले नाहीत. उपदान, निवृत्तिवेतनाचं अंशराशीकरण, शिल्लक अर्जित रजेचं रोखीकरण, शिवाय भविष्य निर्वाह निधीतली त्याची स्वतःची रक्कम: हे सगळं जवळजवळ एकाच वेळी तिजोरीतून बाहेर पडतं. निवृत्तीचं वय एका वर्षाने वाढवलं की तेवढ्या वर्षापुरते हे पैसे वाचतात. टाळेबंदीने महसूल आटला होता त्या मे २०२० मध्ये तमिळनाडूने अठ्ठावन्नाचं एकोणसाठ केलं आणि पुढच्या फेब्रुवारीत साठ. मार्च २०२१ मध्ये तेलंगणाने अठ्ठावन्नावरून थेट एकसष्टावर उडी मारली. ज्येष्ठांच्या अनुभवाचं कौतुक अशा वेळी भाषणांत भरपूर ऐकू येतं, पण तारखा पाहिल्या तर तिजोरीचं दुखणं जास्त स्पष्ट दिसतं.

म्हणून वय वाढवलं तर तरुणांचं काहीच बिघडत नाही, असं म्हणायचं का? नाही. त्यांचं जे बिघडतं ते नेमकं काय, हे समजून घ्यायला एक कल्पित खातं घेऊ. चारशे पदं, दर वर्षी बारा जण निवृत्त होतात आणि बारा नवे भरले जातात, भरती अगदी नियमित. वय अठ्ठावन्नाचं साठ केलं की पहिली दोन वर्षं कोणीच निवृत्त होणार नाही आणि भरती शून्य. तिसऱ्या वर्षी पुन्हा बारा, चौथ्या वर्षी बारा. चारशेची पदं चारशेच राहतात. म्हणजे दर वर्षी नोकऱ्या कमी होतात असं नाही. चोवीस जणांची एक पिढी दोन वर्षं दाराबाहेर थांबते, एवढंच. पण त्या चोवीसांत जो सदतीस वर्षांचा आहे, त्याच्यासाठी ही थांबण्याची वेळ नसते. खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा अडतीस आहे. दोन वर्षांनी दार उघडेल तेव्हा तो त्या दारात उभा राहायलाच पात्र नसेल.

आत असलेल्यांचं मात्र तसं नाही. चाळिशीतल्या नायब तहसीलदाराची बढती दोन वर्षं लांबते खरी, पण त्याच्या स्वतःच्या नोकरीच्या शेवटाला तीच दोन वर्षं जोडून मिळतात. म्हणूनच साठची मागणी करताना संघटनांत तरुण आणि ज्येष्ठ सभासद फारसे भांडत नाहीत. नुकसान ज्याचं होतं तो अजून कुठल्याच संघटनेचा सभासद नसतो. तो पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत तासांचे पैसे भरून बसलेला असतो. केरळमध्ये मात्र अशा मुलांच्या पाठीशी पक्षांच्या युवक संघटना उभ्या राहतात. तिथे २०२२ च्या ऑक्टोबरअखेर सरकारने सार्वजनिक उपक्रमांत निवृत्तीचं वय साठ करण्याचा आदेश काढला. सत्ताधारी आघाडीतल्या पक्षांच्या युवक संघटनांसह सगळेच चिडले आणि चारच दिवसांत मंत्रिमंडळाला तो गोठवावा लागला. त्याच केरळने नव्या भरतीसाठी वेगळी तोड आधीच काढली होती: एप्रिल २०१३ नंतर लागणाऱ्यांना निवृत्तीचं वय साठ, आधीच्यांना छप्पन. आज आत आलेल्यालाच दोन-चार वर्षं जास्त मिळतात, त्यामुळे बाहेरच्याचं दार त्यामुळे बंद होत नाही.

दुसरा आक्षेप सक्षम ज्येष्ठांचा. चाचणी घ्या, जो चालतो त्याला ठेवा, जो चालत नाही त्याला काढा, असं अनेकांना वाटतं. नियमांत त्याची सोय आहेही. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांत पन्नास किंवा पंचावन्नाव्या वर्षी प्रत्येकाच्या पात्रतेचं पुनर्विलोकन करून, लोकहितासाठी मुदतपूर्व निवृत्त करण्याची तरतूद आहे. हे पुनर्विलोकन ज्याच्या आधारे होतं ते वार्षिक कार्यमूल्यमापन अहवाल, जुन्या भाषेत गोपनीय अहवाल, मात्र बहुतेकांचे 'उत्कृष्ट'च्या आसपास असतात. हाताखालच्याला वाईट शेरा देऊन पुढची दहा वर्षं त्याच्या तक्रारींना तोंड द्यायला फार थोडे वरिष्ठ तयार असतात. त्यामुळे जी पद्धत चांगला आणि सुमार यांत फरक करत नाही, तिच्यावर निवृत्तीचा निर्णय सोपवला, तर ज्याचा वर वशिला तोच सक्षम ठरेल. एकच सरसकट रेघ अन्यायाची असली, तरी ती कोणाच्या मर्जीवर हलत नाही, हा तिचा गुण आहे. चंद्रचूडांनीही हेच ओळखलं होतं.

पण सरकार स्वतःच या रेघेच्या पलीकडे जाऊन खेळतं, तेव्हा तिचा हा गुणही जातो. जुलै २०२३ मध्ये शालेय शिक्षण विभागाने ठरवलं, की जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या रिक्त जागांवर नियमित शिक्षकभरती होईपर्यंत निवृत्त शिक्षकांना कंत्राटी पद्धतीने घ्यावं. मानधन महिन्याला २०,००० रुपये, वयाची मर्यादा सत्तर. अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकवायला नालायक ठरलेला गुरुजी एकोणसाठाव्या वर्षी, पूर्वीच्या पगाराच्या काही अंशावर, सत्तरीपर्यंत चालतो असा त्याचा अर्थ होतो. डी.एड. करून वर्षानुवर्षं भरतीची वाट पाहणाऱ्यांनी यावर संताप व्यक्त केला नसता तरच नवल. यात निवृत्त गुरुजींची चूक काढण्याचं कारण नाही, वर्ग रिकामा राहण्यापेक्षा कोणी तरी शिकवावं हेही खरं. मात्र निवृत्तीचं वय कडक ठेवण्याची किंमत ज्येष्ठाने आधीच मोजलेली असताना तिचा मोबदला तरुणालाही मिळाला नाही, आणि दोघांतला फरक तिजोरीत जमा झाला. जपानने हाच प्रकार कायद्यातच बसवला आहे. तिथे साठाव्या वर्षी निवृत्त करणाऱ्या कंपनीला पासष्टपर्यंत काम द्यावंच लागतं, आणि बहुतेक कंपन्या त्याच माणसाला कमी पगारावर पुन्हा करारावर घेतात. तिथे तरुण कामगारांची टंचाई आहे. आपल्याकडे उमेदवारांची नाही.

यापेक्षा अधिक विचारपूर्वक केलेली एक तोड केंद्राच्या आरोग्य सेवेत आहे. डॉक्टर मिळत नव्हते म्हणून २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवेतल्या डॉक्टरांचं निवृत्तीचं वय पासष्ट केलं. पण मग विभागप्रमुख, संचालक अशा जागा आणखी तीन वर्षं अडकणार, ही भीती होती. त्यावर नंतर असा नियम झाला, की बासष्टीपर्यंतच प्रशासकीय पद सांभाळायचं; त्यानंतर रुग्ण तपासायचे, शिकवायचं, पण खुर्ची खालच्याला द्यायची. ज्येष्ठाचं कसब वापरात राहतं आणि अधिकाराची जागा वेळेवर मोकळी होते. जिथे कामाचा ताण हातातल्या कौशल्यावर असतो, तिथे हे जमतं: शल्यचिकित्सक, प्राध्यापक, प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ. तहसील कचेरीत ते तसंच्या तसं उतरणार नाही, कारण तिथे काम आणि अधिकार सहीत एकत्र असतात. तहसीलदाराकडून सही काढून घेतली, तर त्याने दिवसभर नेमकं काय करायचं, हा प्रश्न उरतो.

राज्यातल्या वादात एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. महाराष्ट्राने २०१६ मध्ये नोकरीत शिरण्याची वयोमर्यादा वाढवली: खुल्या प्रवर्गासाठी तेहतीसवरून अडतीस, मागासवर्गीयांसाठी अडतीसवरून त्रेचाळीस. ही मागणी उमेदवारांचीच होती आणि भरती रखडत असताना ती रास्तही होती. पण बाहेर पडण्याचं वय तेच राहिलं. त्रेचाळिसाव्या वर्षी लागलेला लिपिक अठ्ठावन्नला पंधरा वर्षांची सेवा घेऊन बाहेर पडेल. प्रशिक्षण, परिविक्षा आणि पहिली बढती यांतच त्यातली बरीच वर्षं जातील आणि निवृत्तीचा दिवस येईल तेव्हा त्याची मुलं कॉलेजातही नसतील. वय साठ करू नका म्हणून आज आझाद मैदानात बसणाऱ्यांपैकी जे असे उशिरा लागतील, ते पंधरा वर्षांनी संघटनेच्या कोणत्या निवेदनावर सही करतील, याचा अंदाज सरकारच्या वित्त विभागाला आत्ताच बांधता येईल.